कोपर, मनगट आणि रिंगची मागची कड

एका शनिवारी सकाळी मी फोनचं रेकॉर्डिंग चालू केलं, तो ट्रॅक पँटच्या खिशात टाकला आणि नेहमीसारखी प्रॅक्टिस घेतली. घरी आल्यावर चहा घेता घेता ते ऐकायला बसले. 'कोपर आत.' 'गुडघे वाक.' 'मनगट सोड, मनगट!' 'खांदा सैल.' 'डावा हात नुसता टेकव, ढकलू नको.' तासभर माझी बडबड चालली होती आणि जवळजवळ प्रत्येक वाक्यात शरीराचा एक अवयव होता. न सांगता कुणाला ऐकवलं असतं, तर हे बास्केटबॉलच्या मैदानावरचं नसून हाडवैद्याकडचं आहे असंच वाटलं असतं. 'रिंग', 'बोर्ड', 'जाळी' हे शब्द फारसे नव्हतेच. 'चेंडू' होता, पण 'चेंडू आण रे तो' एवढ्यापुरता.

हे रेकॉर्डिंग करायचं कारण होती एक तेरा वर्षांची मुलगी. फ्री थ्रोच्या रेषेवरून तिचे शॉट बहुतेक वेळा रिंगच्या पुढच्या कडेवर आदळायचे, नाहीतर उजवीकडून निघून जायचे. तिचं कोपर बाहेर फाकतं हे लांबूनही दिसत होतं. त्यामुळे मी दोन आठवडे 'कोपर आत' म्हणत होते आणि ती मन लावून कोपर आत घेत होती. एके दिवशी लक्षात आलं, की शॉट सुटल्यावरही ती रिंगकडे बघत नाही, स्वतःच्या कोपराकडे बघते. मी विचारलं, "चेंडू कुठे लागला?" तिला सांगता आलं नाही. चेंडू रिंगवर आपटून माझ्या पायाशी आला होता, पण तिच्या लेखी शॉट कोपरापाशीच संपला होता.

हालचाल शिकवणाऱ्या शास्त्रात या गोष्टीवर गेली पंचवीस-तीस वर्षं काम चालू आहे. शिकणाऱ्याचं लक्ष स्वतःच्या शरीरावर असावं, की त्या हालचालीचा बाहेर जो परिणाम होतो त्याच्यावर? 'मनगट खाली मोड' म्हटलं की लक्ष आत जातं. 'चेंडू मागच्या दिशेने फिरताना दिसला पाहिजे' म्हटलं की लक्ष बाहेर जातं. दोन्ही वाक्यांत मागणी एकच आहे, कारण मनगट मोडल्याशिवाय चेंडूला ती उलटी फिरकी मिळत नाही. बदलतो तो फक्त पत्ता. एक वाक्य हाताशी बोलतं, दुसरं चेंडूशी.

या विषयाची सुरुवात ज्यांच्या नावाने सांगितली जाते त्या गॅब्रिएल वुल्फ मूळच्या जर्मन, पुढे लास व्हेगासच्या नेव्हाडा विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. विंडसर्फिंग करताना, म्हणजे शिडाच्या फळीवर उभं राहून पाण्यावर वळण घ्यायला शिकताना, त्यांना जाणवलं की पायांचा विचार करत राहिलं की वळण फसतं आणि फळी कशी कलते आहे इकडे लक्ष दिलं की जमतं. मग त्यांनी ते प्रयोगशाळेत तपासलं. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बर्फावरच्या स्कीइंगची नक्कल करणारं एक यंत्र होतं. कमानीसारख्या रुळांवर चाकांचा एक पाट, आणि त्यावर उभं राहून डावी-उजवीकडे झोके घ्यायचे. एका गटाला सांगितलं, बाहेरच्या पायाने जोर लाव. दुसऱ्याला सांगितलं, त्या बाजूच्या चाकांवर जोर लाव. चाकं पायांच्या अगदी खालीच होती, मध्ये काही सेंटिमीटरचं अंतर. तरी चाकांचा विचार करणारे पुढे गेले, आणि नंतर कुठलीही सूचना न देता परीक्षा घेतली तेव्हाही तेच पुढे होते.

आपल्या कामाचा अभ्यास मात्र २००५ सालचा. टिफनी झॅकरी, वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्री थ्रोच निवडला. खेळाडूच्या शॉट मारणाऱ्या हातावर चार ठिकाणी इलेक्ट्रोड चिकटवले: मनगट मोडणारा पुढच्या हाताचा स्नायू, दंडाच्या पुढचा बायसेप्स, मागचा ट्रायसेप्स आणि खांद्याचा डेल्टॉइड. स्नायू आकसतो तेव्हा त्यात विजेची हालचाल होते, ती यात मोजता येते. प्रत्येकाने दोन्ही प्रकारे शॉट मारले. एकदा लक्ष मनगटाच्या झटक्यावर ठेवून, एकदा रिंगच्या मागच्या कडेच्या मधोमध ठेवून. मागच्या कडेचा विचार करताना शॉट जास्त अचूक पडले. हे एकवेळ अपेक्षित म्हणू. मला गुंतवून ठेवलं ते स्नायूंच्या नोंदीने. मनगटाचा विचार करताना बायसेप्स आणि ट्रायसेप्स या दोघांत जास्त वीज होती. म्हणजे विचार मनगटाचा आणि ताण मात्र दंडात, ज्याच्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता.

बायसेप्स कोपर मुडपतो, ट्रायसेप्स ते सरळ करतो. शॉटमध्ये हात सरळ होतो, तेव्हा काम ट्रायसेप्सचं. त्याच वेळी बायसेप्सही आकसत असेल, तर एकाच दाराला दोघं दोन्ही बाजूंनी ढकलत असल्यासारखं होतं. दार उघडतं, पण दर वेळी थोडं वेगळं. मैदानावर आपण ज्याला 'हात आखडलाय' म्हणतो ते हेच असावं. त्या मुलीच्या पुढच्या कडेवर आपटणाऱ्या शॉटचं कारण मी आधी 'ताकद कमी' असं धरलं होतं. ताकद होती, पण ती एकमेकींत खर्च होत होती.

दर वेळी थोडं वेगळं होण्याची किंमत किती, हे मोजून बघता येतं. रिंगचा आतला व्यास साधारण ४५ सेंटिमीटर, पुरुषांच्या सात नंबरच्या चेंडूचा २४. चेंडू अगदी मधोमध गेला तर दोन्ही बाजूंना साडेदहा-साडेदहा सेंटिमीटरची जागा उरते. फ्री थ्रोच्या रेषेपासून रिंगचा मध्य सव्वाचार मीटरला जरा कमी अंतरावर आहे. इतक्या अंतरावर दिशा एका अंशाने चुकली की चेंडू सात सेंटिमीटर बाजूला सरकतो. दीड अंश चुकली की कड लागलीच. बोटांतून चेंडू सुटतानाचा एक-दीड अंश म्हणजे जवळजवळ काहीच नाही. तो कुणी विचार करून सांभाळू शकत नाही. दंडातला थोडासा जास्तीचा ताण तेवढी गडबड सहज करू शकतो.

वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचं जे स्पष्टीकरण दिलं ते असं: सवयीच्या हालचाली शरीर आपोआप जुळवत असतं, आणि आपण जाणीवपूर्वक एखाद्या सांध्याचा ताबा घ्यायला गेलो की ती जुळवणी अडकते. पोळी लाटणाऱ्या बाईला विचारा, उजव्या मनगटाचा कोन किती ठेवता? ती लाटणं थांबवून मनगटाकडे बघेल आणि पुढच्या पोळीचा नकाशा होईल. तिचं लक्ष पोळीच्या कडेवर असतं, कुठे जाड राहिली आहे तिकडे. मनगट त्यामागून आपसूक येतं. स्पष्टीकरण पटण्यासारखं आहे. पण हा अंदाज आहे, कुणी मेंदूत शिरून ती अडकलेली जुळवणी पाहिलेली नाही, एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

इथे एक घोटाळा होतो तो आधी निस्तरते. लक्ष आणि नजर या दोन गोष्टी आहेत. रिंगकडे टक लावून बघतानाही मनात कोपर असू शकतं. नजरेवर वेगळा अभ्यास आहे. कॅनडाच्या जोन विकर्स यांनी १९९६ मध्ये फ्री थ्रो मारणाऱ्यांच्या डोळ्यांची हालचाल टिपली होती, आणि निष्णात खेळाडू हात हलण्याआधीच रिंगवरच्या एका जागी जास्त वेळ नजर स्थिर करतात असं त्यांना दिसलं. ती सवय चांगलीच. पण 'रिंगकडे बघ' म्हटलं म्हणजे लक्ष बाहेर गेलं असं कोचने समजू नये. माझ्या त्या मुलीचं तर दोन्हीही आत होतं.

आता तिच्या शॉटकडे येऊ. झॅकरींचा अभ्यास वाचून मी दुसऱ्या दिवशी उत्साहात तिला म्हटलं, "कोपर विसरून जा. रिंगच्या मागच्या कडेच्या मधोमध चेंडू टाकायचा, बस्स." पहिल्या दहा शॉटांत ताकद वाढली, पुढच्या कडेला आपटणं थांबलं. पण आता चेंडू सरळ रेषेत जाऊन मागच्या कडेवर धाडकन आदळायचा आणि फ्री थ्रोच्या रेषेबाहेर उडायचा. तिने माझं अगदी तंतोतंत ऐकलं होतं. कड म्हटलं, तिने कड मारली. जसं कैरीला दगड मारतात तशी.

चूक माझी होती, आणि ती भूमितीची होती. रिंग गोल आहे, पण ती गोल फक्त वरून दिसते. चेंडू तिरपा येतो तेव्हा त्याच्यासाठी ती चपटी होत जाते. ४५ अंशांत खाली येणाऱ्या चेंडूला ती पुढून-मागून साधारण ३२ सेंटिमीटर मोकळी दिसते. ३० अंशांत येणाऱ्याला साडेबावीस. म्हणजे सात नंबरच्या चेंडूला कड न लागता आत जायला जागाच उरत नाही, आणि मुलींच्या सहा नंबरच्या, २३ सेंटिमीटरच्या चेंडूलाही नाही. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातल्या ट्रॅन आणि सिल्व्हरबर्ग यांनी २००८ मध्ये संगणकावर लाखो फ्री थ्रो मारून बघितले. चेंडू सुमारे ५२ अंशांत सोडावा, सेकंदाला तीन फेऱ्या अशी उलटी फिरकी द्यावी आणि नेम रिंगच्या मध्यापेक्षा थोडा मागे धरावा, असं त्यांचं गणित निघालं. पण ते गणित उंच पुरुष खेळाडूंचं, ज्यांच्या हातातून चेंडू दोन मीटरच्या वरून सुटतो. माझ्या मुलीच्या हातातून तो पावणेदोन मीटरवरून सुटत होता. खालून सुटलेला चेंडू त्याच कोनात फेकला तर रिंगपाशी आणखी चपटा येतो. तेव्हा कमी उंचीच्या मुलांना उंच फेकल्यावाचून गत्यंतर नाही, आणि ताकदीची चणचण असल्यामुळे नेमकी तीच मुलं सरळ फेकतात.

'मागची कड' ही सूचना बाहेरची होती, म्हणून ती चांगली ठरत नव्हती. ती तिच्या चुकीच्या जागी लागू पडत नव्हती. चूक उंचीत होती, तर सूचनाही उंचीबद्दल हवी होती.

मैदान झाडायचा लांब दांड्याचा झाडू घेतला. तिच्यापासून दीड मीटरवर, जरा बाजूला उभी राहिले आणि झाडू वर धरला. टोक साधारण रिंगच्याच उंचीला, म्हणजे तीन मीटरच्या आसपास. "झाडूच्या वरून टाक." आकडेमोड करून बघितली तर तिच्या हातातून ४२ अंशांत सुटलेला चेंडू तिथे पोचेपर्यंत झाडूत अडकायला हवा आणि ५५ अंशांतला वरून निघून जायला हवा. झालंही तसंच. पहिले दोन चेंडू झाडूत गेले, माझ्या डोक्यावर धूळ पडली, मुलं हसली. तिसरा वरून गेला पण तोकडा पडला, जाळीलाही लागला नाही. पाच-सहा शॉट असे हवेतच गेले. या टप्प्यावर कोचचा धीर सुटतो. मीही 'गुडघे अजून वाक' म्हणायला तोंड उघडलं होतं. त्याऐवजी म्हटलं, "जमिनीला ढकल." ती वाकली, आपणहून, आधीपेक्षा जास्त. पुढच्या शॉटला चेंडू वर गेला आणि रिंगमध्ये न जाता बोर्डवर लागून खाली आला. पण आता तो वरून खाली येत होता.

कोपराचं काय झालं? ते झाडूनंतर थोडं आत आलं, पूर्ण नाही. उजवीकडे जाणं चालू होतं. फ्री थ्रोच्या रेषेवर, रिंगच्या बरोबर समोर मी खडूची एक खूण केली आणि तिथून रिंगच्या दिशेने जमिनीवर सरळ रेघ ओढली. "चेंडू वर जाताना आणि खाली येताना याच रेघेवरून जाऊ दे. फुटपट्टीवरून गेल्यासारखा." फिरकीसाठी चेंडूवरच्या काळ्या रेघा वापरल्या. त्या आडव्या धरल्या की चेंडू नीट मागे फिरतो आहे की वाकडा गरगरतो आहे हे सोडणाऱ्यालाच दिसतं. रेघ हलकी डगमगली, तर डावा अंगठा चेंडूला ढकलतो आहे हे मला कळायचं. तिला ते सांगायची गरज नव्हती. तिला एवढंच सांगायचं, की रेघ डगमगता कामा नये.

शरीराची माहिती नको, असा याचा अर्थ कुणी काढेल म्हणून सांगते. ती कोचला तर हवीच हवी. मला कोपर, अंगठा, गुडघा सगळं दिसायला हवं, नाहीतर खडूची रेघ कुठे ओढायची हे मला कसं कळणार? शिकणाऱ्यालाही ती कधी कधी द्यावी लागते. पहिल्यांदा चेंडू हातात घेतलेल्या मुलाला तळवा आणि चेंडू यांच्यात फट ठेवायची, पाय खांद्याइतके फाकवायचे, हे दाखवावं आणि सांगावंच लागतं. 'रिंगचा विचार कर' एवढ्यावर तो दोन्ही हातांनी पोटापासून चेंडू ढकलेल, आणि त्याच्या दृष्टीने त्याने रिंगचा विचार केलेला असेल. या शिकवण्याच्या भाषेवर पुस्तक लिहिणाऱ्या निक विंकलमन यांची मांडणी मला इथे उपयोगी वाटते. आधी समजावताना, दाखवताना शरीराची भाषा चालते. मात्र मुलगा शॉट मारायला उभा राहिला की त्याच्या कानात पडणारं शेवटचं वाक्य एकच असावं आणि ते बाहेरचं असावं. कारण शॉट मारताना डोक्यात राहतं ते शेवटचंच. रेकॉर्डिंग परत ऐकलं तेव्हा जाणवलं, की माझं समजावणं बरं होतं. घोळ होता तो शेवटच्या वाक्यात. आणि एका शॉटआधी अशी तीन-तीन शेवटची वाक्यं होती!

सूचना किती लांबची असावी, यावरही काम झालं आहे. तोल सांभाळण्याच्या एका प्रयोगात पायांपासून दूरच्या खुणांवर लक्ष ठेवणाऱ्यांनी जवळच्या खुणांवर लक्ष ठेवणाऱ्यांपेक्षा चांगलं केलं. पण नवख्यांना हे कितपत लागू पडतं याबद्दल एकमत नाही. २००३ सालच्या गोल्फच्या एका अभ्यासात चांगल्या खेळाडूंना चेंडू कुठे पडावा याचा विचार उपयोगी पडला, नवख्यांना मात्र स्वतःच्या फटक्याचा विचार जास्त मानवला. माझ्या मैदानावरचा अनुभव असा, की अगदी नवख्याला दूरची रिंग देऊन भागत नाही. त्याला हातातला चेंडू, त्यावरच्या रेघा, समोरचा झाडू असं काहीतरी जवळचं द्यावं लागतं. ते शरीराबाहेरचं असतं, पण हाताच्या इतकं जवळ असतं की हात कसा हलवायचा याचा थोडा सुगावा त्यातूनच लागतो.

उपमाही हेच काम करतात. हाँगकाँगमध्ये झालेल्या आणि २००९ साली छापलेल्या एका प्रयोगात नवशिक्यांना बसल्या जागेवरून बास्केटबॉलचा शॉट शिकवला. एका गटाला हातापायांच्या आठ सूचना दिल्या. दुसऱ्याला एकच वाक्य दिलं: उंच फळीवरच्या बरणीत बिस्कीट टाकता आहात असं समजा. शिकणं दोघांचं सारखंच झालं. फरक पडला तो दडपण आणल्यावर. आठ सूचनावाले घसरले, बरणीवाले टिकले. मी ही बरणी फडताळावर ठेवून वापरते. हात वर जाऊन बोटं बरणीच्या तोंडातून आत वळल्यासारखी खाली येतात, आणि मनगटाचं नावही न घेता फॉलो थ्रू होतो. मात्र एक मुलगा बरणीत हात घालून आणल्यासारखा तो मागे ओढायला लागला. काढायचं नाही, टाकायचं आहे, हे त्याला दोनदा सांगावं लागलं.

इथवर वाचून कुणाला वाटेल, ठरलं की मग, बाहेरची सूचना श्रेष्ठ. २०२१ साली वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरचे अभ्यास एकत्र करून तसा निष्कर्ष 'सायकॉलॉजिकल बुलेटिन'मध्ये मांडलाही: वय, कौशल्य काहीही असो, बाहेरचं लक्ष सरस. तीन वर्षांनी त्याच नियतकालिकात ब्रॅड मॅके आणि सहकाऱ्यांनी त्यावर बोट ठेवलं. त्यांचं म्हणणं असं, की या विषयातले बरेचसे अभ्यास लहान आहेत, प्रत्येकात मोजकी माणसं, आणि ज्यांत फरक दिसला ते छापून येण्याची शक्यता जास्त. ज्यांत काही दिसलं नाही ते कपाटात राहिले असणार. हा कल धरून हिशेब केला तर फायदा खूप लहान होतो, आणि तो आहेच असं छातीठोकपणे म्हणायला पुरावा पुरत नाही. वाद अजून मिटलेला नाही. मला हे वाचून थोडं खट्टू व्हायला झालं, कारण झाडूवर माझा जीव जडला होता.

आपल्या मैदानावर हे तपासून बघता येईल का? मी प्रयत्न केला आणि पहिल्यांदा स्वतःलाच फसवलं. त्या मुलीचे वीस शॉट 'कोपर'वर घेतले, आठ गेले. वीस 'झाडू'वर घेतले, दहा गेले. मी खूश. शेजारच्या मैदानावर मुलं घेऊन येणारे एक निवृत्त गणिताचे सर आहेत, त्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, "बाई, काहीही न बदलता मारले असते तरी दहा आले असते." त्यांनी वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवलं. ज्याचे शंभरात चाळीस शॉट जातात, त्याचे विसात सरासरी आठ जायचे. पण चारातल्या तीन दिवशी हा आकडा सहा ते दहाच्या मध्ये कुठेही असू शकतो, आणि चौथ्या दिवशी त्याच्याही बाहेर. आठाचे दहा झाले यातून काहीच सिद्ध होत नाही.

मग पद्धत बदलली. फक्त गेला-नाही गेला असं न लिहिता शॉटला गुण द्यायला लागले: कड न लागता गेला तर तीन, कडेला लागून गेला तर दोन, कड लागून बाहेर आला तर एक, काहीच लागलं नाही तर शून्य. शिवाय चुकलेला प्रत्येक शॉट कुठे चुकला ते लिहायचं, पुढे, मागे, डावीकडे की उजवीकडे. नुसत्या एकूण गुणांपेक्षा ही दिशाच जास्त बोलकी निघाली. वही भरत गेली तसं दिसलं, की झाडूच्या दिवसांत 'पुढे' हा शेरा कमी होत गेला आणि 'उजवीकडे' खडूची रेघ येईपर्यंत जसाच्या तसा राहिला. म्हणजे सूचना ज्या चुकीसाठी होती तिच्यावरच काम करत होती, सगळ्यावर नाही. एका मुलीच्या वहीवरून यापेक्षा जास्त बोलणं धाडसाचं होईल.

आणखी एक गोष्ट त्याच सरांनी सुचवली. सूचना देत असताना मोजायचंच नाही. कारण त्या वेळी मुलगी माझ्या आवाजावर शॉट मारत असते. आठवडाभर सूचना द्यायची, मग एक दिवस मैदानाच्या कडेला बसून तोंड बंद ठेवायचं आणि वीस शॉट मोजायचे. शिकली की नाही ते त्या दिवशी कळतं. मला तो दिवस फार जड जातो. एकदा न राहवून मी खोकले, तर तिने दचकून कोपर आत घेतलं.

आता ती बरी मारते. कोपर अजूनही जरासं बाहेर असतं आणि मी त्याचं नाव काढत नाही. परवा संध्याकाळी ती तिच्या धाकट्या भावाला घेऊन आली होती. मी कुलूप लावायला मागे गेले होते, तिथून आवाज ऐकू आला. भाऊ रिंगखाली उभा, चेंडू पोटाशी, आणि ही कमरेवर हात ठेवून ओरडत होती, "अरे कोपर! कोपर आत घे ना!"